वार्धक्यातील मुग्धभ्रम : ओळख आणि कारणांचा शोध

‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण मराठीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वय वाढले की विस्मरण व्हावयाचेच, बोलणे थोडे असंबद्ध व्हावयाचेच, अशी समजूत तिच्यामागे आहे. घरात ही म्हण सहसा थट्टेने वापरली जाते व तेथे तिचे फारसे काही बिघडत नाही. परंतु हीच समजूत रुग्णालयातील वृद्धाच्या खाटेपाशी आली, म्हणजे ती प्राणघातक ठरण्याचा संभव असतो. कारण काल सायंकाळपर्यंत नीट बोलणारा वृद्ध आज पहाटे जर भलतेच बोलू लागला, तर ते वार्धक्य नव्हे. वार्धक्य एका रात्रीत येत नाही. त्या रात्रीत शरीरात कोठे तरी काही बिघडलेले असते आणि त्याची पहिली वार्ता मेंदूने दिलेली असते.

अशा अकस्मात उद्भवणाऱ्या मतिविकाराला वैद्यकात डिलिरियम व मराठीत मुग्धभ्रम असे म्हणतात. खेड्यापाड्यांतून ‘वात झाला’ किंवा ‘वातात बरळतो’ असे ज्या अवस्थेचे वर्णन केले जाते, ती पुष्कळदा हीच असते. डिलिरियम हा शब्द लॅटिन भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘नांगराने तास सोडणे’ असा आहे. सरळ चाललेला नांगर एकाएकी तास सोडून भलतीकडे जावा, तशी या रुग्णाच्या विचारांची गत होते. स्मृतिभ्रंश अथवा डिमेन्शिया हा याहून निराळा विकार होय. या दोहोंत गल्लत झाली, की ज्याचे कारण तातडीने शोधावयास हवे त्या रुग्णाला ‘आता असेच चालावयाचे’ म्हणून सोडून दिले जाते.

दोन विकारांतील भेद

पहिला भेद काळाचा आहे. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढतो. तो नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला हे घरच्या माणसांना सांगता येत नाही. मुग्धभ्रम मात्र काही तासांत, फार तर काही दिवसांत उद्भवतो व त्याच्या आरंभाची वेळ पुष्कळदा निश्चित सांगता येते. शिवाय तो दिवसभर सारखा राहत नाही. सकाळी रुग्ण ताळ्यावर असतो, दुपारी पेंगतो, सायंकाळनंतर भ्रम बळावतो आणि रात्रभर तो जागा राहतो. वैद्य सकाळी येऊन रुग्णाला नीट बोलताना पाहतात व निघून जातात, आणि रात्रीचा प्रकार फक्त परिचारिकेला व जवळच्या नातलगालाच ठाऊक असतो.

दुसरा भेद अवधानाचा, म्हणजे लक्ष एका ठिकाणी स्थिर ठेवण्याच्या शक्तीचा आहे. हा भेद एका साध्या दृष्टांताने समजेल. मन ही ग्रंथांची एक खोली आहे आणि तीत एक दिवा तेवत आहे असे मानावे. स्मृतिभ्रंशात दिवा बराच काळ नीट तेवतो, परंतु ग्रंथ एकेक करून नाहीसे होतात. मुग्धभ्रमात ग्रंथ जागच्या जागी असतात, पण दिवाच फडफडू लागतो. त्यामुळे प्रारंभीच्या स्मृतिभ्रंशाचा रुग्ण प्रश्न लक्षपूर्वक ऐकतो आणि चुकीचे उत्तर देतो, तर मुग्धभ्रमाच्या रुग्णाला प्रश्न संपेपर्यंत त्याचा धागाच धरून ठेवता येत नाही.

ही केवळ उपमा नव्हे. अमेरिकेतील जॉर्ज एंगेल व जॉन रोमानो या वैद्यांनी अशा रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचे आलेख घेऊन अभ्यास केला आणि 1959 मध्ये आपले निष्कर्ष एका लेखात मांडले. मुग्धभ्रमात या लहरी बहुधा मंदावतात व रुग्ण सुधारू लागला, की त्या पुन्हा वेग घेतात, असे त्यांना आढळले. जसे हृदय किंवा मूत्रपिंड अपुरे पडते, तसा येथे संपूर्ण मेंदू काही काळ अपुरा पडतो, असा त्यांचा अभिप्राय होता. ही क्रिया घडते कशी, याचा पूर्ण उलगडा अद्यापि झालेला नाही. तथापि अवधानाशी निगडित असलेले ॲसिटिलकोलिन हे द्रव्य मेंदूत कमी पडणे हा तिचा एक भाग असावा, असे मानण्यास सबळ आधार आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. हे दोन विकार भिन्न असले तरी एकाच व्यक्तीत एकत्र येऊ शकतात, आणि वारंवार येतात. ज्याला आधीच स्मृतिभ्रंश आहे त्याच्या मेंदूची राखीव शक्ती खर्ची पडलेली असते. धडधाकट तरुणाला वातात बरळण्यासाठी विषमज्वरासारखा मोठा आघात लागतो. स्मृतिभ्रंश झालेल्या ऐंशी वर्षांच्या वृद्धाला एखादी नवी गोळीही पुरते. म्हणून ‘यांना स्मृतिभ्रंश आहेच’ हे अकस्मात झालेल्या बदलाचे उत्तर होऊ शकत नाही. उलट, अशा माणसाच्या बाबतीत अधिकच सावध राहिले पाहिजे.

एक उदाहरण

वरील विवेचन प्रत्यक्षात कसे लागू पडते हे पाहण्यासाठी एक प्रातिनिधिक उदाहरण घ्यावे. इंदूर शहरी राहणारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक घरातल्या ओल्या फरशीवर पाय घसरून पडले व त्यांच्या मांडीचे हाड खुब्याशी मोडले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि ती व्यवस्थित पार पडली. गेली दोन वर्षे त्यांना थोडे विस्मरण होत असे. तीच गोष्ट ते पुन्हा पुन्हा विचारीत आणि दुकानदाराच्या हिशेबात चुकत. परंतु रोजचे वर्तमानपत्र ते वाचीत व नातवंडांना नावाने हाक मारीत.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी सायंकाळी ते सलाइनची नळी ओढू लागले. ही दोरी कोणी बांधली, असे ते विचारीत व कित्येक वर्षांपूर्वी निवर्तलेल्या थोरल्या भावाला हाका मारीत. रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. सकाळी मात्र ते अगदी शांत झाले. हाक मारली तर डोळे उघडीत, एखादा शब्द पुटपुटत व पुन्हा झोपी जात. चहाचा पेला तसाच राहिला. ‘आता बरे आहेत, रात्रीचा त्रास गेला,’ असा शेरा पडला आणि एका कनिष्ठ डॉक्टरांनी मूळचाच स्मृतिभ्रंश बळावल्याचे मत दिले.

या ठिकाणी त्यांच्या कन्येचे एक वाक्य निर्णायक ठरले. ‘डॉक्टर, परवा दुपारपर्यंत बाबा असे नव्हते. दवाखान्याचे बिल किती झाले, हे त्यांनीच मला विचारले होते,’ असे तिने सांगितले.

शांत झालेला रुग्ण सुधारलेलाच असतो असे नाही. मुग्धभ्रमाची दोन रूपे आहेत. एकात रुग्ण आरडाओरड करतो, नळ्या उपसतो, उठून पळू पाहतो. दुसऱ्यात तो निपचित पडून राहतो. कित्येकदा ही दोन्ही रूपे, या उदाहरणातल्याप्रमाणे, आळीपाळीने दिसतात. पहिले रूप साऱ्या वॉर्डाला जागवते म्हणून ओळखले जाते. दुसरे कोणालाच त्रास देत नाही, म्हणून दृष्टीआड होते. वृद्धांत हे दुसरे रूप वारंवार आढळते, आणि ते उशिरा ओळखले जात असल्यामुळे त्याचा परिणामही पुष्कळदा वाईट होतो.

दोन मिनिटांची परीक्षा

मुग्धभ्रम ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. एडिंबरो येथील ॲलस्डेअर मॅक्लुलिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली व 2014 पासून पडताळली गेलेली ‘फोर-ए-टी’ नावाची चाचणी दोन मिनिटांत होते. तिचे चार भाग आहेत. प्रथम रुग्ण कितपत जागा व सावध आहे हे पाहावयाचे. तो स्पष्टपणे पेंगत असेल किंवा अतिशय अस्वस्थ असेल तर 4 गुण. नंतर वय, जन्मतारीख, सध्याचे स्थळ व चालू साल विचारावयाचे; एक चूक झाल्यास 1 व अधिक चुका झाल्यास 2 गुण. तिसऱ्या भागात वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलट क्रमाने म्हणावयास सांगावयाचे. निदान सात महिने बरोबर आले तर गुण नाही. आरंभ करून सातच्या आत थांबल्यास किंवा म्हणण्यास नकार दिल्यास 1 आणि परीक्षा घेणेच अशक्य असल्यास 2. शेवटी, ही स्थिती अकस्मात आली काय, किंवा ती कमीजास्त होते काय, हे जवळच्या माणसास विचारावयाचे. होकार आल्यास 4 गुण. बेरीज 4 किंवा अधिक झाली, तर मुग्धभ्रम असण्याचा संभव धरून पुढे चालावे.

वरील शिक्षकांना पेंगुळलेपणाचे 4 गुण मिळाले. वय त्यांनी बरोबर सांगितले. परंतु स्थळ शाळा म्हणून सांगितले व साल पन्नास वर्षे मागचे, म्हणून 2. महिन्यांत ते डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर असे म्हणून थांबले आणि ‘घंटा झाली का?’ असे विचारू लागले, म्हणून 1. कन्येच्या माहितीवरून 4. एकूण 11. मूळच्या सौम्य विस्मरणाने एवढी बेरीज कधीच झाली नसती.

या चाचणीला मर्यादाही आहेत. ज्याला महिन्यांची नावे क्रमाने म्हणण्याचा सराव नाही अशा निरक्षर व्यक्तीचे अवधान आठवड्याचे वार उलटे म्हणावयास सांगून पाहिले जाते. ल्यूई बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात सावधपणा मूळचाच कमीजास्त होतो व नसलेली माणसेही दिसतात. तेथे तज्ज्ञाचीही फसगत होऊ शकते. मुख्य म्हणजे ही चाचणी मुग्धभ्रम आहे एवढेच सांगते. तो कशामुळे आहे हे सांगत नाही. खरे काम येथून पुढेच सुरू होते.

कारणांचा शोध

हा शोध एका ठरावीक क्रमाने केला जातो. ज्या कारणांनी काही मिनिटांत किंवा तासांत मृत्यू ओढवू शकतो, ती प्रथम पाहावयाची. नाडी, रक्तदाब, श्वसनाचा वेग व ताप पाहणे, बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू मोजणे आणि बोटाच्या थेंबभर रक्तावरून साखर तपासणे, ही सारी कामे पाच मिनिटांत होतात. साखर फार उतरली असेल तर विलंबाच्या प्रत्येक मिनिटाची किंमत मेंदूला मोजावी लागते. वृद्धांत फुप्फुसदाह तापाविना येऊ शकतो व हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. अशा वेळी भ्रम हेच एकमेव लक्षण असते. या शिक्षकांच्या बाबतीत प्राणवायू, ताप, साखर व हृदयाचा विद्युत्‌आलेख यांत चिंताजनक काही आढळले नाही. ते पडलेले असल्यामुळे व रक्त न गोठण्याची सुई त्यांना चालू असल्यामुळे डोक्याचे सी. टी. स्कॅन करण्यात आले. तेथे रक्तस्राव नव्हता.

मग मस्तकापासून पायापर्यंत तपासणी झाली. बेंबीच्या खाली पोट कठीण व फुगलेले लागले. बिछाना तर ओला होत होता. म्हणून लघवी होत आहे असा सर्वांचा समज होता. सोनोग्राफीने पाहता मूत्राशयात सुमारे 900 मिलिलिटर मूत्र साचलेले निघाले. भरलेल्या हौदातून थोडे पाणी सांडावे, तसे ते मूत्र सांडत होते. तुंबलेली लघवी किंवा कोंडलेला मळ एवढ्यानेही वृद्धाचे चित्त भ्रमते.

लघवी का तुंबली, याचे उत्तर औषधांच्या तक्त्यात सापडले. अंगाला खाज सुटते म्हणून त्यांना दोन दिवस क्लोरफेनिरामिनच्या गोळ्या दिल्या जात होत्या. सर्दी-खाजेवरील हे जुने औषध ॲसिटिलकोलिनच्या कार्याला विरोध करते. त्यामुळे मूत्राशयाचे स्नायू शिथिल पडतात आणि मेंदूतील अवधानही ढळते. एकाच गोळीने दोन ठिकाणी घाव घातला होता. म्हणून मुग्धभ्रमाच्या प्रत्येक रुग्णाचा तक्ता ओळीने वाचून गेल्या काही दिवसांत कोणते औषध नव्याने सुरू झाले, कोणते वाढले व कोणते एकाएकी बंद झाले, हे पाहणे आवश्यक असते. झोपेच्या गोळ्या किंवा मद्य अकस्मात बंद झाल्यानेही भ्रम होतो.

दोन कारणे सापडली तरी शोध तेथे थांबविण्यात आला नाही. रक्ताच्या तपासणीत सोडियमचे प्रमाण लिटरमागे 124 मिलिमोल निघाले. ते 135 ते 145 असावयास हवे व दाखल होताना 136 होते. रक्तदाबासाठी चालू असलेली हायड्रोक्लोरोथायझाइडची गोळी, शस्त्रक्रियेचा ताण व सलाइनमधून गेलेले कमी क्षाराचे द्रव यांच्या योगाने ते उतरले होते. वृद्धांत बहुधा असेच घडते. एका कारणापेक्षा अनेक लहान कारणे मिळून तोल ढळतो.

याच टप्प्यावर एक नेहमीची फसगत संभवते. मूत्राच्या तपासणीत जंतू दिसले होते. परंतु अनेक वृद्धांच्या, विशेषतः वृद्ध स्त्रियांच्या मूत्रात कोणताही विकार नसताना जंतू असतात. ताप नाही, लघवीला जळजळ नाही, अशा स्थितीत केवळ त्या जंतूंवर सारा दोष टाकून प्रतिजैविक सुरू केले असते, तर तुंबलेले मूत्र, घातक गोळी व उतरलेले सोडियम ही तिन्ही कारणे तशीच राहिली असती.

उपचार

मुग्धभ्रमावर स्वतंत्र असे औषध नाही. कारणे दूर करणे हाच उपचार होय. नळी घालून मूत्र काढण्यात आले. क्लोरफेनिरामिन व थायझाइड बंद केले गेले. सलाइन बदलण्यात आले आणि सोडियम वारंवार मोजून हळूहळू वर आणले गेले. येथे घाई अपायकारक असते. दीर्घकाळ उतरलेले सोडियम चोवीस तासांत 8 ते 10 मिलिमोलपेक्षा अधिक चढले, तर मेंदूच्या तंतूंवरील आवरणास कायमची इजा होऊ शकते. वेदनाशामक मात्र बंद केले नाही, कारण न शमलेली वेदना हेही भ्रमाचे एक कारण आहे. पॅरासिटॅमॉल नियमित वेळी दिले गेले.

याखेरीज कन्येने घरून वडिलांचा चष्मा व कानातील श्रवणयंत्र आणले. ही दोन्ही ‘हरवतील’ म्हणून घरीच ठेवली होती. ज्याला नीट दिसत नाही व ऐकू येत नाही, त्याला नळीची दोरी भासली यात नवल नाही. दिवसा खिडकी उघडी ठेवणे, रात्री दिवे मंद करणे, ओळखीच्या माणसाने जवळ बसून स्थळ-काळ सांगत राहणे आणि लवकरात लवकर आधार देऊन उभे करणे, या गोष्टी औषधांइतक्याच कामाच्या ठरतात. हात बांधून ठेवल्याने भ्रम वाढतो. झोपेची किंवा गुंगीची औषधे नेहमी देऊ नयेत. रुग्ण स्वतःला वा दुसऱ्याला इजा करील अशी भीती असेल व इतर उपाय थकले असतील, तरच थोड्या मात्रेत व थोडा काळ ती वापरली जातात. एरवी त्यांनी रुग्ण शांत होतो, आणि त्याबरोबर धोक्याची घंटाही शांत होते.

चौथ्या दिवशी शिक्षकांनी कन्येला ओळखले. त्या रात्री ते पुन्हा थोडे बरळले. सुधारणा अशी पुढेमागे होतच येते. दोन आठवड्यांनी घरी जाताना ते वर्तमानपत्राचे मथळे वाचू लागले होते. सर्वांनाच इतके यश येत नाही. कित्येकांत भ्रम आठवडे किंवा महिने रेंगाळतो, काही पूर्वपदास पोहोचतच नाहीत, आणि हा विकार झालेल्या वृद्धांत मृत्यूचे प्रमाणही अधिक असते. म्हणूनच स्मृतिभ्रंश आहे किंवा नाही याचा निर्णय भ्रमाच्या काळात कधीच करू नये. या शिक्षकांची स्मरणशक्ती तीन महिन्यांनंतर, ते पूर्ण सावध असताना, नव्याने तपासावयाची असे ठरले.

प्रतिबंध

भ्रम झाल्यावर तो घालविण्यापेक्षा होऊ न देणे सोपे असते, हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे. अमेरिकेतील शॅरन इनूये व त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तर वर्षांवरील 852 रुग्णांचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध केला. एका गटाला नेहमीची शुश्रूषा मिळाली. दुसऱ्या गटात त्याखेरीज रुग्णाला स्थळ-काळाचे भान देणे, औषधावाचून झोप लागेल अशी व्यवस्था करणे, चालविणे-फिरविणे, चष्मा, श्रवणसाधन व पुरेसे पाणी यांकडे पद्धतशीर लक्ष देण्यात आले. पहिल्या गटात शंभरांपैकी 15 जणांना मुग्धभ्रम झाला. दुसऱ्यात सुमारे 10 जणांना. मात्र ज्यांना तो एकदा झाला, त्यांच्यातील भ्रमाची तीव्रता या उपायांनी कमी झाल्याचे दिसले नाही.

या उपायांपैकी बहुतेक घरची माणसे करू शकतात. परंतु त्यांच्याकडे याहूनही मोलाची एक वस्तू असते. ती म्हणजे रुग्ण एरवी कसा असतो याचे ज्ञान. वैद्याने त्या वृद्धाला प्रथमच पाहिलेले असते. पूर्वीचे माणूस त्याला ठाऊक नसते. म्हणून ‘हे कालपर्यंत असे नव्हते’ हे वाक्य नातलगाने संकोच न करता, हा बदल कोणत्या वेळेपासून झाला त्या माहितीसह सांगावे, आणि ऐकणाऱ्याने ते नाडी व तापाच्या नोंदीइतकेच महत्त्वाचे मानून लिहून घ्यावे.